आकडीवरील औषधे: गुण कुठून येतो आणि दुष्परिणाम कुठून

«सर, मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आकडीवरील औषधांचा तक्ता तीनदा पाठ केला, तरी तोंडी परीक्षेत कोणत्या औषधाने हिरड्या वाढतात आणि कोणत्याने सोडियम उतरते यात गल्लत झाली. शिवाय परीक्षकांनी विचारले की कार्बामाझेपीनने काही आकड्या उलट वाढतात त्या का, आणि मला काहीच सांगता आले नाही. सोडियम चॅनेल, कॅल्शियम चॅनेल आणि गाबा असे गट करून हे लक्षात कसे ठेवावे?»

तक्ता पाठ करून विसरायला होते, याचे मुख्य कारण त्यातला शेवटचा रकाना हे आहे. त्या रकान्यात सगळे दुष्परिणाम एकाखाली एक लिहिलेले असतात, पण ते एका जागेहून आलेले नसतात. काही दुष्परिणाम औषधाच्या कार्यपद्धतीतूनच येतात. ज्या चॅनेलवर पकड घेऊन औषध आकडी थांबवते, त्याच चॅनेलवर ती पकड अधिक झाली की ते दिसू लागतात. म्हणून ते गटातील बहुतेक औषधांत सारखे असतात, मात्रेबरोबर वाढतात आणि मात्रा कमी केली की जातात. काही दुष्परिणाम त्या विशिष्ट रेणूचे असतात. हिरड्या वाढणे, अंगावर पुरळ येणे, वजन वाढणे यांचा चॅनेलशी संबंध लावायला गेलात तर गोंधळच होईल. तिसरा प्रकार यकृताचा आहे. औषध यकृतातील एन्झाइमांना चेतवते किंवा अडवते, आणि त्याचा त्रास बहुधा रुग्ण घेत असलेल्या दुसऱ्याच एखाद्या औषधामार्फत होतो. प्रत्येक औषधाला हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारण्याची सवय लावली की गट उपयोगी पडू लागतात.

सोडियम चॅनेलपासून सुरुवात करू. हे चॅनेल म्हणजे एक दार आहे अशी कल्पना करा, पण त्या दाराच्या अवस्था दोन नसून तीन आहेत. एका अवस्थेत दार लोटलेले असते, पण धक्का दिला तर उघडते. दुसऱ्या अवस्थेत ते उघडे असते आणि सोडियम आत शिरतो. तिसऱ्या अवस्थेत दाराला आतून कडी लागलेली असते आणि कितीही धक्के दिले तरी ते काही क्षण उघडत नाही. प्रत्येक विद्युत् स्पंदनानंतर दार या कडीबंद अवस्थेतून जाते आणि मग पुन्हा लोटलेल्या अवस्थेत येते. फेनिटॉइन, कार्बामाझेपीन, ऑक्सकार्बाझेपीन आणि लॅमोट्रिजीन ही औषधे दार कायमचे बंद करत नाहीत. ती कडीबंद अवस्थेतील दाराला चिकटतात आणि कडी निघायला उशीर लावतात. चेतापेशी संथपणे स्पंदने पाठवत असेल तर दोन स्पंदनांमध्ये भरपूर वेळ असल्यामुळे या उशिराने फारसे बिघडत नाही. आकडीच्या वेळी मात्र पेशी सेकंदाला कितीतरी वेळा पेटत असते, तिची बरीचशी दारे कडीबंद अवस्थेतच असतात, आणि औषधाला नेमके तेच हवे असते. जी पेशी जास्त धुमसते तिलाच औषध जास्त अडवते, आणि म्हणून रुग्ण शुद्धीत, चालता-बोलता राहून त्याची आकडी थांबू शकते.

आता हाच विचार एक पाऊल पुढे न्या. शरीरात काही चेतापेशी अशा आहेत की ज्यांचे रोजचे कामच जलद गतीने चालते. लहान मेंदूतील पेशी आणि डोळ्यांच्या हालचाली सांभाळणारे मार्ग यांत त्या येतात. औषधाची पातळी वाढली की जलद काम करणारे हे मार्ग आधी अडखळतात, असे समजणे सोयीचे आहे. रुग्णाला एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, बाजूला पाहताना बुबुळे थरथरतात, चालताना पाय फाकतात, घेरी येते. डोळे आणि तोल ही जोडी या गटाची ओळख म्हणून लक्षात ठेवा. यातून बाह्यरुग्ण विभागात रोज उपयोगी पडणारी एक गोष्ट कळते. कार्बामाझेपीन घेणाऱ्या रुग्णाला लॅकोसामाइड जोडले आणि त्याला दुहेरी दिसू लागले, तर दोन्ही औषधांच्या पातळ्या आपापल्या मर्यादेत असूनही हे होऊ शकते, कारण दोघांचे ओझे एकाच दारावर पडते. लॅकोसामाइड कडीच्या संथ प्रकारावर काम करते एवढाच त्याचा वेगळेपणा आहे. हृदयातही सोडियम चॅनेल असल्यामुळे ते देण्याआधी वयस्कांचा ईसीजी पाहून पीआर अंतर तपासावे. दोन औषधांनी मिळून असे दुहेरी दिसू लागले तर नवे औषध बंद करण्यापेक्षा जुन्याची मात्रा थोडी उतरवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यानेच डोळे ताळ्यावर येतात.

या गटातील ज्या औषधाने विद्यार्थ्यांना आणि डॉक्टरांना सर्वांत जास्त फसवले आहे ते फेनिटॉइन. मेरिट आणि पुटनम यांनी १९३८ मध्ये त्याचा रुग्णांवरील उपयोग दाखवला, आणि झोप न आणताही आकडी थांबवता येते हे त्यामुळे वैद्यकाला कळले. फसगत होते ती त्याच्या यकृतातील हिशेबात. बहुतेक औषधांची मात्रा दुप्पट केली की पातळी साधारण दुप्पट होते. फेनिटॉइनचे विघटन करणारी एन्झाइमे मात्र नेहमीच्या उपचाराच्या मात्रेतच भरून जातात, आणि त्यानंतर थोडे औषध वाढवले तरी पातळी उसळी मारते.

हे आकड्यांत पाहा. समजा ६० किलो वजनाचा एक प्रौढ आहे, त्याचे यकृत दिवसाला जास्तीत जास्त ४२० मिलिग्रॅम फेनिटॉइन हाताळू शकते, आणि त्या क्षमतेच्या निम्म्या वेगाने काम चालते ती पातळी लिटरला ४ मिलिग्रॅम आहे. दोन्ही आकडे पाठ्यपुस्तकात सरासरी म्हणून धरतात त्यांच्या आसपासचे आहेत. १०० मिलिग्रॅमच्या गोळीत सोडियम क्षार असल्यामुळे प्रत्यक्ष फेनिटॉइन ९२ मिलिग्रॅम असते. दिवसाला ३०० मिलिग्रॅम दिले तर २७६ मिलिग्रॅम शरीरात जाते आणि स्थिर पातळी सुमारे ८ येते. उपचाराची पातळी १० ते २० धरतात, म्हणून रुग्णाला आणखी एक आकडी आली की आपण सहजपणे आणखी एक गोळी लिहितो. ४०० मिलिग्रॅमवर त्याच माणसाची पातळी सुमारे २८ होते. मात्रा एक तृतीयांशाने वाढली आणि पातळी साडेतीन पट झाली. त्याऐवजी ५० मिलिग्रॅम वाढवून ३५० दिले असते तर पातळी १३ वर थांबली असती, आणि रुग्णाला तेवढेच हवे होते.

यात आणखी एक खोच आहे. एन्झाइमे भरत आली की नव्या पातळीवर स्थिर व्हायला दिवसांऐवजी आठवडे लागतात. त्यामुळे गोळी वाढवल्यावर पहिले काही दिवस रुग्ण ठीक असतो आणि दोन-तीन आठवड्यांनी भेलकांडू लागतो. घरचे त्याला अशक्तपणा समजतात, कधी दारूचा संशय घेतात, आणि गोळी वाढवल्याची गोष्ट कुणालाच आठवत नाही. अशा रुग्णाला प्रयोगशाळेत पाठवण्याआधी आपले बोट त्याच्या डोळ्यांसमोरून कडेला न्यावे. पातळी २० च्या वर गेली की साधारणपणे बुबुळांची थरथर, ३० च्या वर तोल जाणे आणि ४० च्या वर गुंगी व गोंधळ असा क्रम दिसतो. प्रत्येक रुग्णात तो तंतोतंत जुळत नाही, पण दिशा तीच असते.

आपल्याकडे या चित्रात क्षयाची औषधे येऊन मिसळतात. आयसोनियाझिड फेनिटॉइनचे विघटन अडवते, आणि ज्यांच्या शरीरात आयसोनियाझिड हळू निकामी होते त्यांच्यात हा परिणाम ठळक असतो. त्याच उपचारातील रिफॅम्पिसिन उलट दिशेने ओढते आणि विघटन वाढवते. म्हणून क्षयाचा उपचार सुरू करताना पातळी कुठे जाईल हे अंदाजाने सांगू नये, तपासून पाहावे. आणि उपचार संपल्यावर ती पुन्हा बदलते हेही विसरू नये. रिफॅम्पिसिन थांबून काही आठवडे झाल्यावर ‘आता बरा झाला, मग का झोकांड्या खातो’ असा प्रश्न घेऊन आलेले नातेवाईक मी पाहिले आहेत.

तुमची गल्लत झाली त्या हिरड्या फेनिटॉइनच्या, आणि त्या दुसऱ्या प्रकारात मोडतात, म्हणजे रेणूच्या स्वभावात. हिरड्यांची वाढ, अंगावरची लव वाढणे आणि चेहरा राठ होणे ही तीन लक्षणे एकत्र लक्षात ठेवा. तरुण मुलींना हे औषध दीर्घकाळ का देऊ नये हे त्यातून आपोआप कळते. दातांची स्वच्छता चांगली ठेवली तर हिरड्यांचा त्रास कमी राहतो. यकृताच्या बाजूने ड जीवनसत्त्वाचे विघटन वाढून हाडे मऊ पडतात, फोलेट कमी होऊन मोठ्या पेशींचा पंडुरोग होतो, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव उतरतो. शिरेतून देताना मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने दिले तर रक्तदाब कोसळतो आणि हृदयाची लय बिघडते. ते ग्लुकोजच्या सलाइनमध्ये मिसळले तर त्याचा साका होतो, म्हणून नॉर्मल सलाइनच वापरावे.

रक्तातील सोडियम उतरते ते कार्बामाझेपीनने, आणि त्याहून अधिक ऑक्सकार्बाझेपीनने. इथे शब्दसाम्यामुळे विद्यार्थी हमखास फसतात. सोडियम चॅनेल अडवल्यामुळे रक्तातले सोडियम उतरते असे नाही. या औषधांनी मूत्रपिंडात पाणी अडवणाऱ्या संप्रेरकाचा परिणाम वाढतो आणि साचलेल्या पाण्याने सोडियम पातळ होते. फेनिटॉइन आणि लॅमोट्रिजीन याच गटातील असून ते असे करत नाहीत, एवढा पुरावा पुरे. रक्तदाबासाठी थायाझाइड घेणारी सत्तरीची बाई ऑक्सकार्बाझेपीनवर ठेवली आणि दोन आठवड्यांत ती सुस्त, गोंधळलेली झाली, किंवा आकड्या वाढल्या, तर मात्रा वाढवण्याआधी सोडियम पाहावे. सोडियम फार उतरल्यानेही आकडी येते, आणि मात्रा वाढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे होते.

कार्बामाझेपीनची दुसरी खूण अशी की ते स्वतःचेच विघटन करणारी एन्झाइमे चेतवते. पहिल्या आठवड्यात पुरेशी वाटणारी मात्रा तीन ते पाच आठवड्यांनी अपुरी पडते, आणि म्हणून ते कमी मात्रेत सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवतात. तिसरी खूण त्वचेची आहे. पहिल्या दोन महिन्यांत ताप, तोंडात फोड, डोळे लाल होणे यांसह पुरळ आले तर स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचा विचार करून औषध त्याच दिवशी थांबवावे. एचएलए-बी*१५:०२ हे जनुक असणाऱ्यांत हा धोका फार वाढतो. ते आशियातील अनेक समाजांत आढळत असल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये अशा वंशाच्या रुग्णांत आधी चाचणी करण्याची सूचना दिली. लॅमोट्रिजीनचे पुरळही तितकेच गंभीर होऊ शकते, पण तिथे मुख्य दोष घाईचा असतो. व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजीनचे विघटन अडवून त्याची पातळी साधारण दुप्पट करते, म्हणून व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या प्रौढात लॅमोट्रिजीन २५ मिलिग्रॅम एक दिवसाआड असे सुरू करतात. रोज ५० ने सुरुवात केली तर पुरळाला आमंत्रणच दिले म्हणायचे.

कॅल्शियमचा गट लहान आहे, पण परीक्षकांच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. थॅलॅमसमधील काही पेशींवर टी प्रकारचे कॅल्शियम चॅनेल असते. त्याची गंमत अशी की पेशी विद्युत्दृष्ट्या अधिक ऋण झाली, म्हणजे दाबली गेली, की ते उघडण्यासाठी सज्ज होते. आणि पेशी थोडी वर येताच ते उघडून स्पंदनांचा एक झुबका सोडते. थॅलॅमस आणि मेंदूचे कवच यांच्यामध्ये हा झुबका लयीत फिरू लागला की सेकंदाला तीनच्या लयीतील स्पाइक-वेव्ह आलेखात दिसते. मूल बोलता बोलता काही सेकंद शून्यात पाहते आणि मग जणू काही झालेच नाही असे पुढे बोलू लागते. हीच ॲब्सेन्स आकडी. एथोसक्सिमाइड हे टी चॅनेल अडवते, म्हणून ते ॲब्सेन्सवर उत्तम चालते आणि मोठ्या झटक्यांवर मुळीच चालत नाही. ४५३ मुलांचा समावेश असलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील तुलनात्मक चाचणीत एथोसक्सिमाइड आणि व्हॅल्प्रोएट दोन्ही लॅमोट्रिजीनपेक्षा सरस ठरली, आणि मुलांचे लक्ष विचलित होण्याचा त्रास व्हॅल्प्रोएटपेक्षा एथोसक्सिमाइडने कमी झाला. त्याचे दुष्परिणाम बहुतांशी पोटाचे आहेत: मळमळ, ओकारी, पोटदुखी. जोडीला डोकेदुखी आणि, एक विचित्र पण परीक्षेत विचारला जाणारा त्रास, उचकी.

आता दोन गोष्टी जोडा. टी चॅनेल दाबलेल्या पेशीत सज्ज होते. मग ज्या औषधाने थॅलॅमसमधील गाबाचा दाब सरसकट वाढतो, त्याने ॲब्सेन्स वाढायला हवी. तसेच होते. गाबा साठवून ठेवणारी व्हिगाबॅट्रिन आणि टियागॅबिन ही औषधे ॲब्सेन्स वाढवतात. कार्बामाझेपीन, ऑक्सकार्बाझेपीन आणि फेनिटॉइन लयीत फिरणाऱ्या या वर्तुळाला थांबवत नाहीत, कारण तिथला झुबका टी चॅनेलने पेटवलेला असतो. उलट थॅलॅमसमधील दाबाचा समतोल हलवून ती लय बळावते. म्हणून ॲब्सेन्स आणि मायोक्लोनिक, म्हणजे विजेचा धक्का बसावा तसे क्षणिक झटके, या दोन प्रकारांत या औषधांनी आकड्या वाढतात. परीक्षेत एवढे दोन वाक्यांत सांगितले असते तरी परीक्षक खूश झाले असते.

क्लोनाझेपाम गाबाचेच औषध असून ॲब्सेन्सवर चालते, मग नियम मोडला का, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारतो. मोडला नाही. थॅलॅमसभोवती एक पातळ थर असतो, त्यातील पेशी आतल्या पेशींना दाबतात आणि एकमेकींनाही दाबतात. क्लोनाझेपामचा जोर मुख्यतः या थरातील एकमेकींवरील दाबावर पडतो, त्या पेशी गप्प होतात आणि आतल्या पेशींवरचा दाब उतरतो. गाबा कुठे वाढला यालाही महत्त्व आहे.

कॅल्शियमच्या गटात गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिनही येतात आणि त्यांच्या नावात सापळा आहे. नाव गाबाचे, रचनाही गाबासारखी, पण काम गाबाच्या ग्राहकावर अजिबात नाही. ती कॅल्शियम चॅनेलच्या अल्फा-२-डेल्टा नावाच्या जोडभागाला धरतात आणि चेतातंतूच्या टोकातून उत्तेजक रसायन सुटणे कमी करतात. त्यांचे दुष्परिणाम म्हणजे घेरी, झोप, पायांवर सूज आणि वजनवाढ. ती यकृतात न मोडता मूत्रपिंडातून बाहेर पडतात, म्हणून इतर औषधांशी भांडत नाहीत, पण मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा उतरवावीच लागते. मायोक्लोनिक झटके मात्र तीही वाढवू शकतात.

गाबाचा गट लक्षात ठेवायला सोपा वाटतो, कारण गटाचा सामायिक दुष्परिणाम एकच, झोप आणि मंदपणा. आत मात्र एक भेद जीवनमरणाचा आहे. गाबाच्या ‘ए’ ग्राहकातून क्लोराइड आत येतो आणि पेशी शांत होते. लोराझेपाम, मिडाझोलाम, क्लोबाझाम ही बेन्झोडायझेपिने क्लोराइडचे दार वारंवार उघडायला लावतात, पण त्यासाठी गाबा तिथे असावा लागतो. फेनोबार्बिटोन दार जास्त वेळ उघडे ठेवते, आणि मात्रा मोठी असेल तर गाबा नसतानाही ते उघडते. म्हणून एकट्या बेन्झोडायझेपिनचा अतिडोस तोंडावाटे घेतला तर रुग्ण बहुधा वाचतो, फेनोबार्बिटोनच्या अतिडोसात श्वास थांबतो. शिरेतून दिलेल्या बेन्झोडायझेपिननेही श्वास मंदावतो, विशेषतः त्यावर फेनोबार्बिटोन दिले तर, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

लांबलेल्या आकडीत हे ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. पाच मिनिटांनंतर दिलेले लोराझेपाम आणि चाळीस मिनिटांनंतर दिलेले लोराझेपाम हे एकच औषध राहत नाही, कारण त्याने धरायची जागाच कमी झालेली असते. प्रौढाला शिरेतून ४ मिलिग्रॅम द्यायचे असताना श्वासाच्या भीतीने १ मिलिग्रॅम देऊन वाट पाहणारे कनिष्ठ डॉक्टर मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. त्या भीतीपोटी गेलेला वेळ औषधापेक्षा अधिक घातक ठरतो. शीर सापडत नसेल तर ४० किलोंहून अधिक वजनाच्या रुग्णाला मिडाझोलाम १० मिलिग्रॅम स्नायूत देणे हा चांगला मार्ग आहे.

फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे. प्रौढ त्याने सुस्तावतो, पण लहान मूल पुष्कळदा उलट चिडखोर आणि अतिचंचल होते. पालक ‘फिटच्या गोळीने पोर बिथरले’ असे म्हणतात तेव्हा ते खरे सांगत असतात. ते एन्झाइमांना जोरात चेतवते आणि एकाएकी बंद केले तर आकड्या उसळतात. व्हिगाबॅट्रिन गाबा मोडणाऱ्या एन्झाइमाला कायमचे निकामी करते आणि ट्यूबरस स्क्लेरोसिस असलेल्या बाळांच्या स्पाझममध्ये ते पहिल्या पसंतीचे आहे. त्याची किंमत डोळ्यांना मोजावी लागते. दृष्टीचे क्षेत्र कडेने आक्रसते आणि ते परत येत नाही. मध्यभागी नीट दिसत असल्यामुळे रुग्ण तक्रार करत नाही, तो फक्त दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागतो. म्हणून तक्रारीची वाट न पाहता ठरावीक अंतराने क्षेत्र तपासत राहावे लागते.

व्हॅल्प्रोएट कोणत्या गटात घालायचे हा वाद सोडून द्या. ते सोडियम चॅनेल अडवते, गाबा वाढवते आणि टी चॅनेलवरही थोडे काम करते असे मानतात, म्हणून ते जवळजवळ सर्व प्रकारच्या आकड्यांवर चालते. वजन वाढणे, हात थरथरणे, केस गळणे, प्लेटलेट कमी होणे आणि अमोनिया वाढून सुस्ती येणे हे त्याचे त्रास आहेत. दोन वर्षांखालील बालकात, विशेषतः चयापचयाचा जन्मजात दोष असेल तर, यकृत बंद पडण्याचा धोका मोठा असतो. आणि गर्भावरचा परिणाम इतर सर्वांहून वाईट आहे: सुमारे दहात एका बाळात जन्मजात व्यंग, आणि सुमारे ३० ते ४० टक्के मुलांत विकासाच्या अडचणी.

हे सगळे एका रुग्णात कसे एकत्र येते ते पाहा. बारावीतील एक सतरा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली तेव्हा ती आधीपासून कार्बामाझेपीन २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेत होती. पूर्वपरीक्षेच्या रात्री जागून सकाळी तिला मोठी आकडी आली होती, आणि त्यावरून कुणीतरी हे औषध सुरू केले होते. आकडी पुन्हा आली नाही, पण आई म्हणाली, ‘‘गोळी सुरू झाल्यापासून सकाळी हिच्या हातातून वस्तू जास्तच उडतात.’’ त्या ‘जास्तच’ शब्दावर मी थांबलो. विचारल्यावर कळले की गेली दोन वर्षे उठल्यावर तासभर तिचे हात मधूनच उडायचे, चहा सांडायचा, ब्रश हातातून पडायचा, आणि घरचे तिला धांदरट म्हणायचे. मोठ्या आकडीच्या वेळी हे कुणी विचारले नव्हते. ईईजीत दोन्ही बाजूंना सेकंदाला चार ते सहाच्या लयीत पॉलीस्पाइक-वेव्ह दिसली. जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीचे निदान झाले, आणि कार्बामाझेपीनने मोठी आकडी अडवली असली तरी झटके वाढवले होते.

या आजारावर सर्वांत जास्त गुण येतो व्हॅल्प्रोएटने, पण मुलगी सतरा वर्षांची, पुढे लग्न आणि बाळंतपण, म्हणून ते मी बाजूला ठेवले. लॅमोट्रिजीनने कधी कधी मायोक्लोनिक झटके वाढतात, शिवाय ते हळूहळू वाढवावे लागते. टोपिरामेट शब्द आठवण्यात अडथळा आणते, आणि बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर होती. निवड लेवेटिरासिटॅमची केली. ते तुमच्या तीन गटांपैकी कुठल्याच गटात बसत नाही. चेतातंतूच्या टोकाशी रसायनाच्या पिशव्यांवर असलेल्या एसव्ही२ए नावाच्या प्रथिनाला ते धरते. दिवसातून दोनदा २५० मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने ५०० वर नेले, आणि त्यानंतरच कार्बामाझेपीन दर आठवड्याला १०० मिलिग्रॅम या हिशेबाने चार आठवड्यांत उतरवले. दोन्ही टप्पे वेगळे ठेवण्याचे कारण असे की कार्बामाझेपीन एकाएकी थांबवले असते तर ते झाकून ठेवत असलेली मोठी आकडी परत आली असती.

दुसऱ्या महिन्यात झटके जवळजवळ थांबले, पण आईने नवी तक्रार आणली: मुलगी धाकट्या भावावर खेकसते, जेवणाचे ताट सरकवते. लेवेटिरासिटॅमचा लक्षात ठेवायचा दुष्परिणाम हाच आहे, आणि परीक्षेच्या ताणाच्या नावाखाली तो दडून जातो. मुलीला एकटीला विचारले, मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, तर नाही म्हणाली. मात्रा ५०० वरच ठेवली, रात्रीची झोप सात तास करायला सांगितली आणि दोन आठवड्यांनी बोलावले. राग ओसरला नसता तर ब्रिव्हारासिटॅमवर नेण्याचा विचार होता; ते त्याच प्रथिनाला धरते आणि काही रुग्णांत चिडचीड कमी करते. तशी वेळ आली नाही. पुढच्या भेटीत ती एकटीच आली, हातात चहाचा कप होता आणि तो बशीवर नीट ठेवून ती बोलायला बसली.